नकोशा बोटांची यादी

घोडेगावच्या कांदा बाजाराची पाच सेकंदांची चित्रफीत संगणकाकडून बनवून घ्यायची आहे, असं समजा. आपण वर्णन लिहितो: ढिगापाशी बसून एक बाई कांदे निवडते आहे, मागे गोण्यांची थप्पी आणि व्यापाऱ्यांची गर्दी. फीत तयार होते. बघावं तर कांदा उचलताना बाईची दोन बोटं एकमेकांत विरघळतात, कोपराजवळून तिसरा हात डोकावतो आणि गोण्यांचं विणकाम सारखं लुकलुकतं.

अशा वेळी मूळ वर्णनातच ‘जादा बोटं नकोत’ असं लिहावंसं वाटतं. त्यानं काम बिघडतं. या यंत्रणांना नकार नीट कळत नाही, बोटं मात्र कळतात. नकारात्मक सूचनेचा रकाना वेगळा असतो, आणि तिथे ‘नको’ लिहायचंच नाही. fused fingers, extra fingers, extra arms असे दोषच फक्त नोंदवायचे.

चित्र घडताना प्रत्येक टप्प्यावर यंत्रणा दोन अंदाज बांधते, एक हव्या वर्णनाचा आणि एक नकोशा यादीचा. मग दुसऱ्यापासून दूर, पहिल्याच्या दिशेनं सरकते. किती सरकायचं हे मार्गदर्शनाचा आकडा ठरवतो. तो 1 असला की यादी हिशेबातूनच बाद होते. झटपट चालणाऱ्या बऱ्याच आवृत्त्या याच आकड्यावर चालतात, म्हणून तिथे कितीही लिहा, फरक दिसत नाही.

अलीबाबानं 2025 मध्ये खुल्या केलेल्या वान 2.1 या चित्रफीत बनवणाऱ्या यंत्रणेसोबत नकोशा गोष्टींची एक तयार चिनी यादी येते. तीत जादा बोटं, चिकटलेली बोटं, तीन पाय आहेत; आणि ‘पार्श्वभूमीत खूप माणसं’ हेही आहे! एकट्या माणसाच्या चित्राला ते ठीक. पण आपल्याला तर बाजार हवा आहे. ती यादी तशीच ठेवली, तर आपण एका हातानं गर्दी मागतो आणि दुसऱ्या हातानं ती हाकलतो. तेवढा शब्दसमूह काढायचा, सुरुवातीचा यादृच्छिक आकडा, म्हणजे सीड, तोच ठेवायचा आणि फीत पुन्हा काढायची. सीड बदलला तर सुधारणा यादीमुळे झाली की नशिबानं, हे सांगताच येणार नाही.

लुकलुकणाऱ्या गोण्यांची गोष्ट वेगळी. flickering लिहून पाहावं, पण फार आशा नको. ही यंत्रणा चित्र लांबी-रुंदीत आठ-आठ पट आणि काळात चौपट दाबून मगच काम करते. दूरच्या बारदानाची वीण त्या दाबात टिकत नाही, म्हणून उलगडताना ती दर वेळी नव्यानं कल्पिली जाते. शब्दांनी ते थांबत नाही. थप्पी धूसर ठेवा, नाहीतर कॅमेरा इतका जवळ न्या की धागा जाड दिसेल. हातांचंही तसंच: दहा बोटं कांद्यांत गुंतवण्यापेक्षा एका हातात एकच कांदा मागितला, तर यादीला निस्तरायला मुळात कमी उरतं.