शाबासकी नेमकी कशाला?

रत्नागिरीतल्या एका अध्यापक महाविद्यालयाच्या दीक्षान्त समारंभाला पाहुण्या म्हणून आलेल्या बाईंनी मंचावर एक फळा मागवून घेतला होता. बाई निवृत्त गणितशिक्षिका. सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, त्यातली पहिली नऊ संगमेश्वर तालुक्यातल्या एका डोंगरवाडीत. नव्या बी.एड. पदवीधरांचं अभिनंदन त्यांनी दोन वाक्यांत उरकलं, पालकांना नमस्कार केला आणि फळ्याकडे वळून एकच अक्षर मोठं काढलं. ढ.

अभ्यासात मागे असलेल्या मुलाला मराठीत ‘ढ’ का म्हणतात, हे त्यांनी समोरच्यांना विचारलं. मागच्या रांगेतून उत्तर आलं. ब्राह्मी लिपीपासून देवनागरीपर्यंत बाकीची अक्षरं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, हे एक मात्र जवळजवळ होतं तसंच राहिलं. म्हणून जो बदलत नाही तो ढ, असं सांगतात. ही व्युत्पत्ती खरी की लोकांनी मागाहून जोडलेली, या वादात बाई शिरल्या नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की, बुद्धी बदलत नाही ही समजूत आपण एका अक्षरात मावेल इतकी पक्की करून ठेवली आहे, आणि ते अक्षर शिक्षकांच्या खोलीत दिवसातून दहादा ऐकू येतं.

पण त्या दिवशी त्यांची तक्रार ‘ढ’बद्दल कमी आणि ‘हुशार’बद्दल जास्त होती.

वाडीवरच्या त्या शाळेत चौथीत एक मुलगी होती. तोंडी हिशेब तिच्याइतका झटपट कुणालाच यायचा नाही. बाई तेव्हा नव्या होत्या आणि कौतुकाला सढळ होत्या. रोज काही ना काही निमित्तानं त्या म्हणायच्या, “किती गं हुशार तू!” केंद्रप्रमुख आले की तिलाच उभं करायच्या. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी सुरू झाली, गणितं अवघड झाली आणि मुलीचं वागणं बदललं. ती हात वर करीना. वही हातानं झाकून लिहायला लागली. एकदा बाईंनी ती वही हातात घेतली, तर एका पानावर खोडरबरानं खोडून खोडून कागदाला भोक पडलं होतं. एका गणिताचं उत्तर तिनं पाच वेळा पुसलं होतं आणि शेवटी जागा कोरीच सोडली होती. परीक्षेच्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून ती आलीच नाही.

“मला वाटलं, घरचा काहीतरी त्रास असेल,” बाई म्हणाल्या. “आपल्याच तोंडचा शब्द तिच्या पोटात दुखतोय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पुढं कितीतरी वर्षं आलं नाही.”

डोक्यात आलं ते एका प्रशिक्षणात क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या प्रयोगाची माहिती मिळाली तेव्हा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या या दोघींचा अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. बाईंनी तो सावकाश, एकेक पायरी घेत सांगितला, कारण शिक्षकाला त्याच्या निष्कर्षापेक्षा त्याची रचना जास्त शिकवते असं त्यांचं मत आहे, आणि ते पटण्यासारखं आहे.

पाचवीतल्या मुलांना आकृत्यांची कोडी दिली. नक्षीतला एक तुकडा गाळलेला, खालच्या पर्यायांतून तो शोधायचा. पहिला संच बेताचा होता. तो झाल्यावर प्रत्येक मुलाला सांगितलं की, तू छान सोडवलीस, खूप गुण मिळाले. इथपर्यंत सगळ्यांना एकच वागणूक. मग एका गटाला आणखी एक वाक्य ऐकवलं: तू यात हुशार असणार. दुसऱ्या गटाला वेगळं: तू बरीच मेहनत घेतली असणार. तिसऱ्या गटाला जादा काहीच नाही. सगळा फरक तेवढ्या एका वाक्याचा.

नंतर मुलांना विचारलं, पुढं कशा प्रकारचं काम हवं? आपण हुशार दिसू असं, की चुका झाल्या तरी ज्यातून शिकायला मिळेल असं? ‘हुशार’ ऐकलेल्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांनी पहिलं मागितलं. ‘मेहनत’ ऐकलेल्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांनी दुसरं. मग मुद्दाम फार अवघड संच दिला आणि या वेळी कामगिरी बरीच खालावली असं सगळ्यांना सांगितलं. शेवटी पुन्हा पहिल्याइतकाच सोपा संच. इथं खरी गोष्ट उघडी पडली. ‘मेहनत’वाल्यांनी सुरुवातीपेक्षा सरासरी एखादं कोडं जास्त सोडवलं, ‘हुशार’वाल्यांनी जवळजवळ एक कमी. कोडी तितकीच सोपी होती आणि मुलंही तीच होती.

बाईंना सगळ्यात जास्त लागलं ते याच अभ्यासातलं आणखी एक निरीक्षण. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांसाठी आपला अनुभव आणि गुण लिहून द्या, असं मुलांना सांगितलं होतं. त्यात ‘हुशार’ गटातल्या जवळजवळ चाळीस टक्के मुलांनी आपले गुण वाढवून लिहिले. मेहनतीची शाबासकी मिळालेल्यांत हे प्रमाण याच्या निम्म्याहूनही कमी होतं. “जी कधी भेटणार नाहीत अशा मुलांशी दहा वर्षांची पोरं खोटं बोलली,” बाई म्हणाल्या. “आणि मला ते वहीतलं भोक आठवलं.”

गुण हे एकदा ‘मी कोण’ याचं उत्तर झालं की प्रत्येक चूक ही त्या उत्तरावरची शंका होते. मेहनतीचं तसं नसतं. ती कमी पडली तर वाढवता येते. ‘हुशार’ कमी पडला तर त्यानं काय वाढवायचं?

इथून बाईंचं बोलणं भरकटलं आणि मुरुडला गेलं. दापोलीजवळच्या मुरुडचे महर्षी कर्वे. परीक्षेला बसायचं म्हणून कोवळ्या वयात भर पावसात डोंगर उतरत-चढत ते सुमारे 110 मैल चालत साताऱ्याला गेले, आणि वयानं फार लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. आत्मचरित्रात त्यांनी ही निराशा लिहून ठेवली आहे. तेच कर्वे पुढं गणित घेऊन पदवीधर झाले आणि फर्ग्युसनमध्ये कितीतरी वर्षं गणित शिकवत राहिले. बाईंची तक्रार अशी की, जिल्ह्यातल्या शाळांत ही गोष्ट सांगताना आपण शेवटी ‘थोर पुरुष असेच असतात’ म्हणून मोकळे होतो, म्हणजे चालण्याचं श्रेयसुद्धा जन्माला देऊन टाकतो. मुलांना सांगायचं ते हे की, तोंडाकडे बघून दिलेला निकाल चुकला.

मग तुकड्यांचा विषय निघाला. गुणांची उतरंड लावून अ, ब, क करायचं आणि शेवटची तुकडी सगळ्यात नव्या शिक्षकाच्या गळ्यात बांधायची, हे बाईंनी एका शाळेत जवळून पाहिलं. त्या शेवटच्या तुकडीतल्या मुलांना निदान शाळेची भिंगं तरी वापरायला द्या म्हणून त्या भांडल्या, तर ‘फुटतील’ असं उत्तर मिळालं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दहावी फ’ हा 2002 सालचा चित्रपट त्यांनी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा मध्यंतरात बाहेर येऊन उभ्या राहिल्या. हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढला होता.

आणि निकाल. कोकण विभागीय मंडळ स्वतंत्र झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालात कोकण राज्यात पहिला येत आला आहे. 2024 मध्ये दहावीला कोकणचा निकाल 99.01 टक्के होता. बाईंना याचा अभिमान आहेच. पण जून महिन्यात नाक्यानाक्यावर जे फ्लेक्स लागतात त्यांवर फोटो असतो, टक्के असतात आणि ‘बुद्धिमत्तेच्या जोरावर’ असे शब्द असतात. हे टक्के मुलानं कसे मिळवले, कुठं अडलं, कुणाला विचारलं, यातलं काही नसतं. धाकटा भाऊ रोज ते वाचत शाळेत जातो.

एवढं झाल्यावर समोरचे काही जण निर्धास्त दिसले, जणू उद्यापासून ‘हुशार’ऐवजी ‘मेहनती’ म्हटलं की काम झालं. बाईंनी तिथंच अडवलं. प्रयत्नांची कोरडी स्तुती हा नुसता उपचार आहे, असं खुद्द ड्वेक यांनीही नंतर बजावलं आहे. शिवाय नुसत्या मनोवृत्तीच्या धड्यानं डोंगर हलत नाहीत. अमेरिकेत नववीच्या सुमारे बारा हजार मुलांवर झालेला मोठा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. तासाभरापेक्षा कमी वेळाच्या संगणकावरच्या पाठानं अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेच. जिथं सोबतची मुलं आव्हानाला साथ देणारी होती, तिथं परिणाम जास्त टिकला. चीनमधल्या एका प्रयोगात शाबासकीचे आधीचे निष्कर्ष नीट मिळालेच नाहीत. “तेव्हा कुणी तुम्हाला याची गोळी करून विकायला आलं तर घेऊ नका,” असं त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी ‘ढ’ पुसून फळ्यावर लिहिलं: 402 − 158. आणि खाली एका मुलाचं उत्तर: 356.

मुलानं काय केलं ते बघा, म्हणाल्या. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून त्यानं आठातून दोन घालवले, सहा. शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून पाचातून शून्य, पाच. चारातून एक, तीन. त्यानं आळस केलेला नाही. त्यानं एक नियम बनवला आहे, मोठ्यातून लहान घालवायचा, आणि तो तिन्ही घरांत इमानानं पाळला आहे. या मुलाला ‘छान प्रयत्न केलास’ म्हटलं तर तो उद्या दुप्पट प्रयत्नानं हेच करील. ‘गणित तुझा प्रांत नाही’ म्हटलं तर वही मिटेल. बाई त्याच्यापुढं काड्या ठेवायच्या: शंभराचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. यातून आठ सुट्या दे. देता येत नाहीत. दशकाचा गठ्ठा सोडावा, तर दशकच नाही. मुलगा थांबतो. मग एक शतक सोडून दहा दशकं होतात, त्यातलं एक सोडून दहा सुट्या. आता तीन शतकं, नऊ दशकं, बारा सुट्या. बारातून आठ चार, नवातून पाच चार, तिनातून एक दोन. 244. आणि 158 मिळवून पुन्हा 402 येतात का, हे त्यानं स्वतः ताडून बघायचं.

शाबासकीची जागा इथं आहे, असं त्या म्हणाल्या: “दशक नाही म्हटल्यावर तू शतकाकडे गेलास, ते कसं सुचलं?” यात स्तुतीचा एकही शब्द नाही, पण मुलाला नेमकं कळतं की आपण कोणती गोष्ट केली आणि ती पुन्हा करता येते.

2010 पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा बाईंना आनंद झाला होता, कारण वर्णनात्मक नोंदींत हेच लिहायचं होतं. थोड्याच दिवसांत बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या आणि शिक्षक रात्री जागून त्या नोंदवहीत उतरवू लागले. चाळीस मुलांच्या नावापुढं ‘गणिती क्रिया अचूक करतो’. कामाचा बोजा त्यांना माहीत आहे, तरी हा एक राग त्यांनी लपवला नाही.

सूत्रसंचालकांनी वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवली. बाईंनी ती वाचली, घडी घातली आणि समोरच्यांना कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर या 356 वाल्या मुलाची नोंद लिहायला सांगितली. दोन मिनिटं सभागृहात फक्त कागदांची सळसळ होती. मग त्यांनी पाच-सहा जणांना वाचायला लावलं. ‘अधिक सराव आवश्यक.’ ‘वजाबाकीत कच्चा, प्रयत्नशील.’ ‘लक्ष केंद्रित करावे.’ बाई ऐकत राहिल्या. खिडकीजवळच्या एका मुलीनं वाचलं, “हातच्याच्या वजाबाकीत मोठ्यातून लहान घालवतो. मध्ये शून्य असलं की अडतो. गठ्ठे सोडून दाखवले की जमतं. उद्या 503 − 267 देऊन बघणार.”

बाईंनी तिला ते पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.