‘काळ सोकावतो’ हे केव्हा खरे?
(रोहे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो’ ही म्हण आपल्या सार्वजनिक वादांत वारंवार ऐकू येते. आज एक सवलत दिली तर उद्या दुसरी द्यावी लागेल, परवा तिसरी, आणि अखेरीस अनर्थ ओढवेल, असा तिचा रोख असतो. तर्कशास्त्रात याला निसरड्या उताराचा युक्तिवाद म्हणतात आणि त्याची गणना बहुधा तर्कदोषांत होते. परंतु तो नेहमीच सदोष असतो काय? कुंडलिका आणि धरमतर या खाड्यांच्या काठी राहणाऱ्यांना याचे उत्तर आपल्या शेताच्या बांधावरच सापडेल.

पेणच्या खारेपाटातील भातशेती मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. तिला खाडीपासून राखतो तो बाहेरचा बांध. या बांधाला खेकड्याने पाडलेले एखादे बीळ दिसले की जाणता शेतकरी म्हणतो, “आज हे बुजवले नाही, तर उद्या शेत जाईल.” हा उताराचाच युक्तिवाद झाला. पण त्याची प्रत्येक पायरी तपासून पाहता येते. बिळातून पाणी झिरपते आणि माती सुटते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तेथे खांड पडते. मग दिवसातून दोनदा पाणी आत येते आणि दोनदा बाहेर जाते. या ये-जा करणाऱ्या पाण्यानेच खांड रुंदावते. जमिनीत मीठ मुरते व भाताचे रोप जगत नाही. पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन निघू शकते; परंतु खांड उघडी असेतो प्रत्येक उधाण नवे मीठ आणते. काही वर्षांत तेथे तिवरे उगवतात. त्यानंतरची पायरी निसर्गाची नव्हे, कायद्याची आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ मधील आदेशाने आणि २०१८ मधील निकालाने कांदळवनाच्या तोडीस बंदी आहे; न्यायालयाच्या परवानगीवाचून ते हटवता येत नाही. बंदीचा हेतू योग्यच आहे. पण ज्याचे शेत बुडाले त्याची परतीची वाट तिथे बंद होते.

या साखळीचे बळ कशात आहे? प्रत्येक कडी पुढच्या कडीला आपल्या गतीने ओढते. मध्ये कोणी नवा निर्णय घ्यावा लागत नाही. उलट, ती थांबवायची तर माणसाला हात चालवावा लागतो. आणि प्रत्येक कडी किती पक्की आहे, यालाही महत्त्व आहे. चार कड्या असतील आणि प्रत्येक घडण्याचा संभव शंभरात ऐंशी असेल, तर शेवट गाठण्याचा संभव शंभरात सुमारे एक्केचाळीसच उरतो. प्रत्येक कडी शंभरात पंचाण्णव इतकी पक्की असेल, तर तो एक्क्याऐंशीपर्यंत जातो. म्हणून कड्या जितक्या अधिक, तितका प्रत्येक कडीचा पुरावा अधिक भक्कम हवा.

आता याच तालुक्यातील दुसरे उदाहरण घ्या. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत, महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन देण्याबाबत शेतकऱ्यांचे मत शासनाने अजमावले. अशा वेळी एक भीती सहज घातली जाते: आज बावीस गावांना विचारले, तर उद्या प्रत्येक गाव मत मागेल आणि धरण, रस्ता, कारखाना काहीच उभे राहणार नाही. ही साखळीही सुसंगत वाटते. पण तिची प्रत्येक कडी म्हणजे शासनाचा वा विधिमंडळाचा एक स्वतंत्र निर्णय आहे, आणि प्रत्येक ठिकाणी ‘येथवरच’ असे म्हणता येते. तसे म्हटलेही गेले. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची, तर शासन व खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी सत्तर टक्के कुटुंबांची संमती आवश्यक केली. शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पाला ही अट लावली नाही. ही रेषा योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. ती उताराच्या मध्यावर आखता आली, एवढे मात्र निर्विवाद आहे.

मात्र निर्णयांची साखळी प्रत्येक वेळी पोकळच असते, असेही नव्हे. एका निर्णयामुळे पुढचा निर्णय नाकारणे महाग वा बेकायदा होत असेल, तर तेथेही उतार खरा असतो. पण तो दाखवून देण्याची जबाबदारी भीती घालणाऱ्याची आहे. आणि खऱ्या साखळीलाही मुदत असते. पुढच्या उधाणाआधी बीळ बुजवले, तर शेत जात नाही. म्हणून ‘बीळ पडले, आता गाव बुडाले’ असा आक्रोश हा तर्कदोषच होय. ‘उधाणाआधी बुजवले नाही तर शेत बुडेल’ हे मात्र शास्त्रशुद्ध विधान आहे.

तेव्हा सभेत कोणी ‘काळ सोकावेल’ म्हणाला, तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. ही पायरी पुढच्या पायरीला कशाने ओढते? मध्ये थांबण्याची जागा कोठे आहे? आणि थांबवण्यास वेळ किती उरला आहे? खारेपाटातला शेतकरी या तिन्हींची उत्तरे देऊ शकतो. म्हणूनच त्याने हाक मारली की वाद घालीत न बसता फावडे घेऊन बांधावर जावे. ज्याच्यापाशी उत्तरे नाहीत, त्याच्या भीतीपायी मात्र कोणाचाही हक्क रोखून धरू नये.