परिच्छेदातून कृतिपत्र: तांदळातील अमायलोज मोजण्याच्या पद्धतीचे पुनर्लेखन

खालापूर आणि कर्जत हे भाताचे तालुके असल्यामुळे एखादा तांदूळ मोकळा शिजतो आणि दुसरा चिकट होतो, हे तिथल्या कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. या फरकामागचे मोठे कारण तांदळाच्या पिष्टात असते. पिष्टाचे दोन घटक असतात: अमायलोज, म्हणजे बहुतांशी सरळ साखळीचा रेणू, आणि अमायलोपेक्टिन, म्हणजे फांद्या फुटलेला रेणू. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो आणि गार झाल्यावर कडक लागतो. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी वाण निवडताना हा गुणधर्म पाहावा लागतो, आणि तो मोजण्यासाठी बहुतेक प्रबंध फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या बी. ओ. ज्युलियानो यांनी १९७१ साली मांडलेल्या सुलभ पद्धतीकडे बोट दाखवतात. तिचे तत्त्व सोपे आहे: अमायलोजची साखळी स्प्रिंगसारखी वळते, तिच्या पोकळीत आयोडिन शिरले की निळा रंग येतो आणि रंगाची गडदता यंत्रावर मोजता येते.

शोधनिबंधातील ‘साहित्य आणि पद्धती’ या भागात हे सारे साधारणपणे अशा तीन-चार वाक्यांत आटोपते: १०० मिलिग्रॅम पिठात १ मिलिलिटर ९५ टक्के एथेनॉल व ९ मिलिलिटर १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड घालून ते १० मिनिटे उकळत्या पाण्यात तापवले, १०० मिलिलिटरपर्यंत विरल केले, त्यातील ५ मिलिलिटरमध्ये १ मिलिलिटर १ नॉर्मल ॲसिटिक आम्ल व २ मिलिलिटर आयोडिन द्रावण घालून पुन्हा १०० मिलिलिटर केले, २० मिनिटांनी ६२० नॅनोमीटरवर शोषकता, म्हणजे द्रावणाने अडवलेल्या प्रकाशाचे माप, नोंदवली. जाणकार परीक्षकाला एवढे पुरते, कारण निबंधाचे काम काय केले ते सांगणे हे असते. प्रयोगाच्या ओट्याशी उभ्या राहिलेल्या नव्या विद्यार्थ्याला मात्र आता काय करायचे हे हवे असते. म्हणून पुनर्लेखन म्हणजे वाक्ये तोडून त्यांना क्रमांक देणे नव्हे. मूळ मजकूर जिथे गप्प आहे तिथे प्रश्न उभा करणे, त्याचे उत्तर ठरवणे आणि ते उत्तर मूळ लेखकाचे नसून प्रयोगशाळेचे आहे अशी खूण ठेवणे, हे त्यातले खरे काम आहे. ही खूण नसेल तर दोन वर्षांनी कोणाचा आकडा कोणता हे कोणालाच सांगता येत नाही.

पहिला प्रश्न प्रमाणांचा. दहा वाणांचे प्रत्येकी दोन, असे वीस नमुने घेतले तर पीठ नसलेला कोरा नमुना आणि शुद्ध बटाटा-अमायलोजचे (४० मिलिग्रॅम) प्रमाण द्रावण धरून तापवण्याचे चंबू बावीस होतात. रंगाच्या टप्प्यात प्रमाण द्रावणाचे १ ते ५ मिलिलिटर असे पाच भाग घेतले जातात आणि त्यांतील एक पुढे तपासणीसाठी पुन्हा घेतला जातो, म्हणून तिथे चंबू सत्तावीस लागतात. अभिकर्मकांचा तक्ता या दोन संख्यांवरूनच बांधावा लागतो.

| अभिकर्मक | करण्याची रीत | लागणार | करून ठेवावे |
|---|---|---|---|
| एथेनॉल, ९५ टक्के | तयार | २२ मिलि. | २५ मिलि. |
| सोडियम हायड्रॉक्साइड, १ नॉर्मल | १० ग्रॅम पाण्यात, २५० मिलि. पर्यंत | १९८ मिलि. | २५० मिलि. |
| ॲसिटिक आम्ल, १ नॉर्मल | ५.७५ मिलि. ग्लेशियल आम्ल, १०० मिलि. पर्यंत | २४.६ मिलि. | १०० मिलि. |
| आयोडिन द्रावण | आधी २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात, मग ०.२ ग्रॅम आयोडिन, १०० मिलि. पर्यंत | ५४ मिलि. | १०० मिलि., गडद बाटलीत |

शेवटच्या ओळीतील ‘आधी’ आणि ‘मग’ हे शब्द परिच्छेदात बहुधा नसतात. आयोडिन साध्या पाण्यात फारसे विरघळत नाही. आयोडाइडच्या दाट द्रावणातच ते सहज विरघळते. क्रम उलटला तर तळाशी काळे कण राहतात आणि द्रावण नावापुरतेच ०.२ टक्क्यांचे उरते. आम्लाच्या ओळीतील २४.६ हा विचित्र दिसणारा आकडाही असाच बोलका आहे. पाच मिलिलिटर नमुन्यातील अल्कली मारून द्रावण सौम्य आम्लधर्मी ठेवण्यासाठी १ मिलिलिटर आम्ल लागते. मग प्रमाण द्रावणाचे १, २, ३, ४, ५ मिलिलिटर घेताना आम्लही ०.२, ०.४, ०.६, ०.८, १ मिलिलिटर असेच घ्यावे लागते, नाहीतर प्रत्येक बिंदूची आम्लता वेगळी होते. आम्ल अजिबात राहून गेले तर ते ओळखण्याची खूण कोऱ्या नमुन्यात मिळते: तो फिकट पिवळा दिसायला हवा, रंगहीन झाला तर आयोडिन अल्कलीने खाल्ले असे समजावे.

यानंतर कृती येते. कंसातील ‘मूळ’ म्हणजे निबंधातील सूचना आणि ‘प्रशा’ म्हणजे प्रयोगशाळेने भरलेली जागा.

१. १०० मिलिग्रॅम बारीक चाळलेले पीठ चंबूत घ्यावे (मूळ). प्रत्येकी सुमारे २ मिनिटे (प्रशा).
२. प्रथम एथेनॉल घालून पीठ भिजवावे, मग अल्कली घालावी (प्रमाण मूळ, क्रम प्रशा).
३. उकळत्या पाण्यात १० मिनिटे ठेवावे (मूळ). घड्याळ चंबू पाण्यात गेल्यापासून (प्रशा).
४. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत निववावे (प्रशा) व मगच १०० मिलिलिटर करावे (मूळ).
५. ५ मिलिलिटर घेऊन आम्ल, मग आयोडिन घालावे, १०० मिलिलिटर करून हलवावे (मूळ). चंबूमागे १ मिनिट (प्रशा).
६. आयोडिन घातल्यापासून २० मिनिटांनी वाचन घ्यावे (मूळ).

दुसऱ्या पायरीतील क्रम चुकून अल्कली थेट कोरड्या पिठावर पडली, तर पिठाची गोळी बाहेरून चिकटते आणि आत कोरडी राहते. तापवल्यानंतरही पारदर्शक गुठळी तरंगताना दिसली तर तो नमुना टाकून देणे बरे, कारण त्याचा आकडा हमखास कमी येतो. चौथ्या पायरीत घाई केली तर गरम, फुगलेले द्रावण खुणेपर्यंत भरले जाते आणि निवल्यावर पातळी खाली जाते.

कृतीतील वेळेच्या नोंदी बहुतेकांना शोभेच्या वाटतात, पण प्रत्यक्षात त्याच परिच्छेदातील सर्वांत मोठी पोकळी उघडी करतात. एका चंबूला एक मिनिट धरले तर सत्तावीस चंबूंत आयोडिन घालायला सत्तावीस मिनिटे लागतात. पहिल्या चंबूचे वाचन मात्र विसाव्या मिनिटाला घ्यायचे असते, तेव्हा हात एकविसाव्या चंबूत गुंतलेला असतो. सगळ्यांत आयोडिन घालून मग सगळे वाचायचे ठरवले तर पहिला चंबू जास्त वेळ थांबतो. म्हणून दोन तुकड्या कराव्या लागतात: पहिलीत कोरा नमुना, पाच प्रमाण बिंदू आणि आठ नमुने असे चौदा, दुसरीत उरलेले बारा नमुने आणि २४ टक्क्यांच्या बिंदूची पुनरावृत्ती. आयोडिन शून्याव्या मिनिटापासून, वाचन विसाव्यापासून, क्रम आणि अंतर तेच. दुसऱ्या तुकडीतील तपासणी बिंदू पहिल्या रेषेवर बसला नाही तर त्या तुकडीचे आकडे वापरू नयेत. ‘२० मिनिटांनी’ या दोन शब्दांतून ही सारी व्यवस्था आपोआप निघत नाही. ती कोणीतरी लिहावी लागते.

हिशेब सोपा आहे. प्रमाण द्रावणाच्या १ मिलिलिटरात ०.४ मिलिग्रॅम अमायलोज असते आणि नमुन्याच्या ५ मिलिलिटरात ५ मिलिग्रॅम पीठ, म्हणून पाच बिंदू ८, १६, २४, ३२ आणि ४० टक्क्यांशी जुळतात आणि आलेखावरून टक्केवारी थेट वाचता येते. पण ही टक्केवारी पिठाच्या कोणत्या वजनावर काढली, हे परिच्छेद अनेकदा सांगत नाही. समजा, एका वाणाचा आकडा २२ आला आणि पिठात १२ टक्के ओलावा होता. १०० मिलिग्रॅममध्ये कोरडा भाग ८८ मिलिग्रॅमच असल्याने कोरड्या वजनावर तोच आकडा २५ होतो. प्रचलित वर्गवारीत २० ते २५ मध्यम आणि २५ च्या वर उच्च मानले जाते, म्हणजे एकच तांदूळ एका निबंधात निर्धास्तपणे मध्यम आणि दुसऱ्यात थेट उच्च वर्गाच्या उंबरठ्यावर उभा दिसतो. अमायलोपेक्टिनही थोडे आयोडिन धरत असल्याने मुळात हा आकडा ‘भासमान अमायलोज’चा असतो, त्यावर वजनाचा आधारही अनिश्चित ठेवला तर दोन प्रयोगशाळांच्या निष्कर्षांची तुलना करता येत नाही. म्हणून कृतिपत्राची सातवी पायरी ओलावा मोजण्याची असावी, तिच्यापुढे ‘प्रशा’ अशी खूण असावी आणि अंतिम आकड्याशेजारी ‘कोरड्या वजनावर’ किंवा ‘आहे त्या ओलाव्यावर’ यांपैकी एक शब्दप्रयोग न चुकता लिहिलेला असावा.