मसुदा हाती आल्यावरचे सात दिवस

जुन्नर तालुक्यात आणे पठारावर किंवा खाली आळेफाट्याच्या बाजूला शेतकरी उत्पादक कंपनीचे जे संचालक आहेत, त्यांच्याशी आज एका पत्राबद्दल बोलायचं आहे. संचालक मंडळाची सभा झाली की काही दिवसांनी कंपनी सचिवाकडून सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा येतो. सोबत दोन ओळी असतात : ‘मसुदा पाहून आपल्या सूचना सात दिवसांत लेखी कळवाव्यात.’ बहुतेक जण ते पत्र न वाचताच ठेवून देतात.

याचं कारण आपल्या जुन्या सवयीत आहे. सोसायटीत किंवा दूध संस्थेत पुढच्या सभेचा पहिलाच विषय असतो, मागील सभेचं प्रोसिडिंग वाचून कायम करणे. चूक असली तर तेव्हा बोलू, असं आपण मनात धरतो. कंपनीत मात्र तोवर इतिवृत्त वहीत चढून सहीही झालेली असू शकते. पुढच्या सभेत त्याची फक्त नोंद घेतली जाते.

तारखा एका उदाहरणाने पाहू. समजा, पठारावरच्या एका कंपनीची सभा ३ ऑक्टोबरला झाली. मसुदा पंधरा दिवसांत, म्हणजे १८ तारखेपर्यंत, सर्व संचालकांकडे जायला हवा. सभेला जे आले नव्हते त्यांच्याकडेही, आणि सभेनंतर ज्यांनी राजीनामा दिला त्यांच्याकडेही. सचिवाने तो १३ तारखेला ई-मेलने पाठवला, तर तुमचं उत्तर २० पर्यंत पोहोचलं पाहिजे. २ नोव्हेंबरच्या आत, म्हणजे सभेपासून तीस दिवसांत, इतिवृत्त वहीत नोंदवावं लागतं. कंपनीला सचिव नसेल, तर मंडळाने अधिकार दिलेली व्यक्ती हे काम करते.

सात दिवसांत तुम्ही काहीच कळवलं नाही, तर मसुदा तुम्हाला मान्य आहे असं धरलं जातं. हे फार गंभीर आहे. कायदा सांगतो, की मंडळाच्या कामकाजाचे कागद मिळाल्यामुळे एखादा नियमभंग संचालकाला कळला आणि त्याने हरकत घेतली नाही, तर तोही जबाबदार ठरू शकतो. ‘मी त्या दिवशी सभेला नव्हतो’ एवढं म्हणून सुटका होईलच, असं समजू नका.

आता मसुद्यात पाहायचं काय? त्याच सभेत कांदा प्रतवारीचं यंत्र घेण्याचा विषय होता, असं समजा. ठरलं असं, की बारा लाखांपर्यंतचं यंत्र घ्यावं, पण बँकेचं कर्ज मंजूर झाल्यावरच. एका संचालक ताईंनी विरोध केला; आधी चाळीची दुरुस्ती व्हावी असं त्यांचं मत होतं. मसुद्यात मात्र आलं : ‘बारा लाख रुपयांचे यंत्र खरेदी करण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.’ वाक्य सरळ दिसतं, पण त्यात तीन चुका आहेत. ‘पर्यंत’ गेलं, कर्जाची अट गेली, आणि विरोध पुसला गेला. उद्या कर्ज नाकारलं गेलं आणि यंत्राची आगाऊ रक्कम आधीच देऊन झाली असली, तर पैसे देणारा हाच कागद पुढे करील. ठरावाला विरोध करणाऱ्या संचालकाचं नाव इतिवृत्तात आलंच पाहिजे, असं कायद्यातच आहे.

अशा वेळी फोनवर बोलून थांबू नका. ताईंनी असं लिहावं : ‘विषय क्रमांक ४. ठरावात “बारा लाखांपर्यंत, बँकेची कर्जमंजुरी आल्यानंतर” असे शब्द हवेत. “सर्वानुमते” ऐवजी “बहुमताने” असावे आणि माझा विरोध नावानिशी नोंदवावा.’ एवढं पुरे. भाषण कसं झालं, कोण काय बोललं, हे सगळं इतिवृत्तात येत नाही. आणि घरी गेल्यावर मत बदललं म्हणून ठराव बदलून मागता येत नाही. सभेत जे घडलं ते बरोबर उतरलंय का, एवढ्यापुरतीच सूचना. निर्णय फिरवायचा असेल तर पुढच्या सभेत तो विषय मांडावा लागतो.

सचिवांनीही मसुदा केव्हा, कसा पाठवला याचा पुरावा जपून ठेवावा. गटावर नुसता फोटो टाकण्यापेक्षा प्रत्येकाच्या ई-मेलवर पाठवावा, नाहीतर हाती देऊन पोच घ्यावी.

मुदत टळून गेली असेल तरी लिहाच. मंडळाने अध्यक्षांना तसा अधिकार दिलेला असेल, तर उशिरा आलेली सूचना विचारात घेणं त्यांच्या हाती असतं. वहीत नोंद झाल्यावर मात्र पुढच्या सभेत मंडळाच्या स्पष्ट मंजुरीशिवाय एक शब्दही बदलता येत नाही. सही झाल्यावर पंधरा दिवसांत सही झालेल्या इतिवृत्ताची प्रत तुमच्याकडे येते. ती आली की आपण पाठवलेल्या सूचनेशी ताडून पाहा.