उचलीचे पैसे आणि विमानाचा आकडा

(वसतिगृहातील पालक मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



गेल्या महिन्यात एका पाड्यावरचा मुलगा माझ्याकडे आला. वीटभट्टीची वीस हजारांची उचल बापाने त्याच्या खात्यात ठेवली होती. ती मोबाईलवरच्या विमानाच्या खेळात गेली. विमान वर जाते तसा आकडा वाढतो. ते उडून जाण्याआधी पैसे काढले तर त्या पटीने मिळतात, नाहीतर बुडतात. मुलगा म्हणाला, "दादा, मी अंदाजाने नाही खेळलो. टेलिग्रामवर सिग्नल यायचा. पाचात चार वेळा बरोबर यायचा."

तो खोटे बोलत नव्हता. फसवणूक नेमकी तिथेच आहे. सिग्नल असायचा, "1.20 ला काढा." जो खेळ शंभरातले 97 रुपये परत देतो असे सांगतो, त्यात विमान शंभरातून सुमारे 81 वेळा 1.20 च्या पुढे जातेच. काहीही न कळता कोणीही हा सिग्नल देऊ शकतो.

आता हिशोब करा. दर वेळी 100 रुपये लावले. 81 वेळा 20 रुपये मिळाले, म्हणजे 1620. उरलेल्या 19 वेळा शंभर-शंभर गेले, म्हणजे 1900. सिग्नल इतका "बरोबर" येऊनही 280 रुपयांचा तोटा. मुलगा जिंकलेले मोजत होता, गेलेले नाही. शिवाय एकदा गेले की भरून काढायला तो दुप्पट लावायचा.

मग हजार रुपयांचे "प्रेडिक्टर" ॲप आकडा आधी ओळखते का? नाही. आकडा कंपनीच्या सर्व्हरवरच्या गुप्त संख्येतून निघतो. जिथे खेळ तपासता येतो, तिथे त्या संख्येची फक्त मोहोर आधी दाखवतात. बंद पाकिटावरच्या मोहरेवरून आतली चिठ्ठी वाचता येत नाही, तसेच हे. काही खेळांत पैसे लावणाऱ्या पहिल्या तिघांच्या फोनवरचे आकडेही त्यात मिसळतात. म्हणजे पैसे लागेपर्यंत शेवटचा आकडा तयारच नसतो. जे अजून नाही, ते ॲप कुठून वाचणार? मागच्या फेऱ्यांचा तक्ताही निरुपयोगी, कारण प्रत्येक फेरीचा हिशोब नव्याने होतो.

सिग्नलवाला कमावतो कसा? "माझ्याच लिंकवरून खाते उघडा," असे तो सांगतो. अशा लिंकवर बहुधा कमिशन असते, पुष्कळदा तुम्ही हरलेल्या पैशांतूनच.

घरी मुलगा ऐकत नसेल तर भांडू नका. त्याला वही द्या. प्रत्येक सिग्नल विमान उडण्याआधी लिहायला सांगा, आणि पुढे मिळालेले व गेलेले रुपये. पन्नास फेऱ्या, एक पैसाही न लावता. पैसे आधीच गेले असतील तर लपवू नका, 1930 वर लगेच फोन करा.

त्या मुलाने वही लिहिली. आता तो बापाबरोबर भट्टीवर उचल फेडतो आहे. त्या घरासाठी प्रार्थना करा.