रविवारचा एक तास : अंगण एक, प्रकृती चोवीस

(जळगाव येथे एका गृहनिर्माण सोसायटीच्या सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात सर्वांनी मिळून तासभर व्यायाम करावा, असा संकल्प आपण सोडला आहे. मी व्यायामशिक्षक नव्हे, लेखणी चालवणारा माणूस आहे. तथापि या विषयाचा थोडाफार अभ्यास मी केला आहे, आणि अशा उपक्रमांचे घोडे कोठे पेंड खाते हेही जवळून पाहिले आहे. आज तेवढ्यापुरतेच बोलतो.

सोसायटीतला सर्वांत धडधाकट तरुण पुढे उभा राहतो, ‘एक, दोन, तीन’ म्हणतो आणि मागचे सगळे त्याच्या आकड्यावर बैठका मारू लागतात. वीस बैठका झाल्या, की सोळा वर्षांच्या मुलाला काहीच झालेले नसते, पंचेचाळिशीतले गृहस्थ धापा टाकत असतात आणि अडुसष्ट वर्षांच्या आजींनी पाचव्या बैठकीलाच गुडघा धरलेला असतो. पहिल्या रविवारी चोवीस जण येतात, दुसऱ्या रविवारी दहा. आपण म्हणतो, लोकांना चिकाटी नाही. माझ्या मते येथे दोष लोकांचा नसून त्या आकड्याचा आहे. सर्वांनी एकच संख्या गाठायची असे ठरले, की ती कोणाला तरी फार आणि कोणाला तरी थोडी पडणारच.

हा प्रश्न १९५३ साली इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अ‍ॅडमसन या दोन शिक्षकांपुढेही होता. कमीअधिक ताकदीचे विद्यार्थी एकाच वेळी, एकाच जागेत आणि तरीही प्रत्येकाला झेपेल असा व्यायाम कसे करतील? त्यांनी व्यायामाची ठिकाणे गोलाकार मांडली आणि प्रत्येकाला स्वतःच्या कुवतीप्रमाणे मात्रा ठरवून दिली. आज ‘सर्किट ट्रेनिंग’ म्हणून जे ओळखले जाते, ते येथून निघाले. आपण त्यातले तत्त्व घ्यावे. वेळ सर्वांना सारखी, संख्या ज्याची त्याची. चाळीस सेकंदांत मुलगा तीस बैठका मारील, आजी खुर्चीवरून आठ वेळा उठतील. शिट्टी वाजली, की दोघेही पुढच्या ठिकाणी जातील. कोणी मागे पडला, असे दिसायला जागाच उरत नाही.

आपल्यातल्या अनेकांना शाखेतील वयानुसार पाडलेल्या गणांची सवय आहे. मैदानी खेळांसाठी ती पद्धत उत्तम आहे. येथे मात्र वयावर विसंबू नये, असे मी सुचवीन. रोज मेहरूण तलावाला फेरी मारणारे बासष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या अडतीस वर्षांच्या व्यापाऱ्याहून सरस असू शकतात. म्हणून पहिल्या रविवारी व्यायाम न घेता फक्त मोजमाप घ्यावे. हात नसलेली, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर घडी घालून, ३० सेकंदांत पूर्ण उभे राहून किती वेळा उठता येते ते मोजावे. अमेरिकेत रिक्ली आणि जोन्स या संशोधिकांनी १९९९ मध्ये ज्येष्ठांसाठी ही चाचणी प्रसिद्ध केली. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषांना १४ आणि स्त्रियांना १२ हून कमी वेळा उठता आले, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी समजतात. सत्तर ते चौऱ्याहत्तर या वयात हे आकडे १२ आणि १० असे आहेत. तरुणांना या आकड्यांशी कर्तव्य नाही, परंतु त्यांचीही संख्या वहीत लिहून ठेवावी. आणि मोजणी चारचौघांत मोठ्याने सांगू नये. आपल्याकडे त्यावरून थट्टा सुरू व्हायला वेळ लागत नाही.

आता तो तास प्रत्यक्ष पाहू. चोवीस जण आहेत असे धरा. पहिली दहा मिनिटे आवारातून चालणे, मग खांदे, कंबर, घोटे मोकळे करणे. त्यानंतर चार ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी सहा जण. त्या सहांत मुद्दाम लहान-मोठे मिसळावेत. एकाच कुवतीचे सहा एकत्र आले, की चढाओढ लागते. पहिले ठिकाण बैठकांचे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खुर्चीच्या हातांना धरून उठावे, त्यापुढच्यांनी हात न लावता, त्यापुढच्यांनी पूर्ण बैठक मारावी. ज्यांना तीही सोपी वाटते त्यांनी खाली जाताना मनात चार अंक मोजावेत. मग सोपी वाटत नाही. दुसरे ठिकाण जोरांचे. येथे पायऱ्या हातांच्या उंचीने ठरतात. भिंतीवर हात टेकून मारलेला जोर सर्वांत हलका, ओट्यावर टेकून मारलेला मधला, जमिनीवरचा पुरा. तिसऱ्या ठिकाणी पाच लिटरचे पाण्याचे कॅन दोन हातांत घेऊन वीस पावले जायचे आणि परतायचे. कोणी दोन्ही भरलेले घेईल, कोणी अर्धे. चौथे ठिकाण तोल सांभाळण्याचे आहे आणि ते नेहमी भिंतीलगत असावे. वडीलधाऱ्यांनी एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून उभे राहावे, तरुणांनी एका पायावर उभे राहून एकमेकांकडे चेंडू टाकावा. पोरांना हे ठिकाण सर्वांत आवडते, आणि येथे पोरे आजोबांकडून हरतात तेव्हा आजोबांनाही.

चाळीस सेकंद व्यायाम, वीस सेकंद ठिकाण बदलणे, म्हणजे चार मिनिटांत एक फेरी. पहिले तीन रविवार दोनच फेऱ्या, पुढे तीन. दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटांची उसंत. तीन फेऱ्या झाल्या तरी एवढे सोळा मिनिटांत आटोपते. उरलेला वेळ एखादा खेळ, संथ चालणे आणि अंग ताणणे यांसाठी आहे. तो खाऊन चौथी फेरी घेण्याचा मोह टाळावा.

जोर किती लावावा, याची खूण सोपी आहे. व्यायाम करता करता पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागावा. दोन-चार शब्दांतच श्वास तुटत असेल, तर एक पायरी खाली उतरावे. नाडी मोजण्यावर भर देऊ नये, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी मुळातच मंद ठेवतात आणि आकडा फसवतो. दुसरे असे, की जोर मारताना वा वजन उचलताना कोणीही श्वास कोंडू नये. त्याने रक्तदाब एकदम चढतो. प्रत्येकाने आपली मोजणी मोठ्याने करावी. बोलणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही.

सोमवार-मंगळवारच्या अंगदुखीविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण उपक्रम मोडतात ते येथे. सवय नसलेल्या स्नायूवर, विशेषतः खाली जाताना भार पेलण्याच्या हालचालीत, ताण आला की दुखणे लगेच येत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. मंगळवारी जिना उतरताना मांड्या बोलल्या, तर त्यात काळजीचे काही नाही. बुधवारनंतरही ठणका टिकला, तर रविवारची पायरी चुकली असे समजून पुढच्या वेळी एक पायरी खाली यावे. सलग दोन रविवार व्यायाम सहज झाला आणि दुखलेही नाही, तरच वर चढावे. दुखणे असह्य असेल, स्नायू सुजले असतील आणि लघवी चहासारख्या रंगाची होत असेल, तर मात्र तात्काळ डॉक्टर गाठावा. स्नायू तुटून मूत्रपिंडावर भार आल्याचे ते लक्षण असू शकते.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. आठवड्यातून एक तास पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम हवा. पासष्टीपुढील व्यक्तींना तोल सांभाळण्याचा व्यायाम तीन दिवस. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, त्यातली मुख्य गोष्ट आपण विसरतो. ते नमस्कार रोजचे होते. रविवारचा तास हा शिकण्याचा आणि मोजण्याचा तास मानावा. त्या दिवशी ज्याला जी पायरी जमली, तीच त्याने बुधवारी आणि शुक्रवारी घरी दहा-दहा मिनिटे करावी. भिंत आणि खुर्ची घरोघरी आहेच. शिवाय उरलेल्या दिवसांत चालणे. घरचे हे दोन दिवस झाले, की अंगदुखीही पुष्कळ ओसरते.

आता आपल्या खानदेशाच्या उन्हाळ्याविषयी. पारा पंचेचाळिशीला भिडतो, हे येथे कोणाला सांगायला नको. पण आपली उष्णता कोरडी आहे. घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो आणि शरीरातले पाणी किती गेले ते कळत नाही. उन्हाची सवय अंगी लागायला एक-दोन आठवडे जवळजवळ रोज उन्हात श्रम व्हावे लागतात. रविवारच्या रविवारी ती लागत नाही, म्हणून ‘आम्ही खानदेशी, आम्हांला ऊन लागत नाही’ हा अभिमान जरा बाजूला ठेवावा. मे महिन्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो; तेव्हा साडेपाचला जमावे, साडेसहाला घरी जावे आणि दोनच फेऱ्या घ्याव्यात. डिसेंबर-जानेवारीत तो सातच्या सुमारास उगवतो, त्या वेळी सातच्या आत ज्येष्ठांना बोलावू नये आणि अंग मोकळे करण्याची दहा मिनिटे पंधरा करावीत. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरते. तेथे तोलाचे ठिकाण मांडणे म्हणजे हाड मोडून घेणे. पार्किंगच्या कोरड्या जागेत जावे. चपला घालून कोणी व्यायाम करू नये. आणि वेळ ठरवताना नळाला पाणी येण्याचा वार विचारून घ्यावा, म्हणजे घरातल्या भगिनी का येत नाहीत हा प्रश्न पडणार नाही.

नाव नोंदवतानाच आजार आणि औषधे विचारावीत. हृदयविकार झालेला आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, अथवा चालताना छातीत दाटून येते, अशांनी डॉक्टरांना विचारूनच यावे. जे इन्शुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात, त्यांनी उपाशीपोटी येऊ नये. साखर तपासून ९० च्या खाली असल्यास आधी खाऊन घ्यावे. नायकाच्या खिशात ग्लुकोजची पुडी असावी. हात थरथरणे, दरदरून घाम, बोलण्यात गोंधळ दिसला, की ती तोंडात द्यावी. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. छातीत दाब, जबड्यात वा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही झाले, तर ‘थोडे बसा, बरे वाटेल’ म्हणत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर फोन करावा.

आठ रविवार झाल्यावर पुन्हा तीच खुर्ची, त्याच भिंतीला टेकवून मांडावी आणि वहीतल्या जुन्या आकड्याशेजारी नवा लिहावा. अकराचे तेरा झाले असतील, तर मात्रा योग्य आहे. आकडा हललाच नसेल, तर बुधवार-शुक्रवार घरी होतो का, एवढे त्या व्यक्तीला एकांतात विचारावे. आणि आकडा घसरला असेल, तर व्यायाम वाढवण्याआधी त्यांच्या घरच्यांशी बोलून त्यांना डॉक्टरांकडे धाडावे.