फॉर्म १६ आला, आता 26AS उघडा

२०२४-२५चा फॉर्म १६ समोर घ्या. पार्ट बीमध्ये कंपनीने वर्षाचा कर ४८,००० रुपये दाखवलाय. पगारपत्रकांतही दरमहा ४,००० कापलेत. आता आयकर पोर्टलवरून फॉर्म 26AS उघडा. तिथे जमा ३६,०००च. जानेवारी ते मार्चची नोंदच नाही. म्हणजे कंपनीने शेवटच्या तिमाहीच्या विवरणपत्रात तुमचा पॅन चुकवला असेल, किंवा कर भरलाच नसेल.

तसंच रिटर्न भरलं, तर उरलेल्या १२,०००ची मागणी तुमच्याकडे येऊ शकते. आधी कंपनीला ईमेल करून दुरुस्तीचं विवरणपत्र भरायला सांगा आणि 26AS पुन्हा तपासा. कंपनी हललीच नाही तर? पगारातून कापलेला कर तुमच्याकडून पुन्हा मागता येत नाही, असं १९६१च्या आयकर कायद्याचं कलम २०५ सांगतं. पण कापल्याचा पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो. म्हणून बाराही पगारपत्रकं आणि बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा.